दोन खोल्यांच्या घराचे परिमाणपत्रक स्प्रेडशीटमध्ये कसे तयार करावे

लहान घराचे अंदाजपत्रक करताना दर शोधण्यात वेळ जातो, पण चूक बहुधा दरात नसते, परिमाणात असते. दर चुकला तर तो एका ओळीत दुरुस्त करता येतो. भिंतीची लांबी चुकली तर खोदकाम, काँक्रीट, दगडकाम, विटकाम आणि गिलावा अशा सगळ्या बाबी एकाच वेळी चुकतात. म्हणून या लेखात दर जवळजवळ बाजूला ठेवले आहेत आणि परिमाणे काढणारे पत्रक कसे बांधावे, प्रत्येक बाबीचे सूत्र काय असावे व आलेला आकडा कसा तपासावा, एवढेच पाहिले आहे.

उदाहरणासाठी एक साधे घर घेऊ. दोन खोल्या शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येक खोली आतून ३.०० मीटर रुंद व ३.६० मीटर खोल आहे. सर्व भिंती विटांच्या, भार वाहणाऱ्या आणि ०.२३ मीटर जाडीच्या असून मधली भिंतही तेवढ्याच जाडीची आहे. जोते जमिनीपासून ०.६० मीटर उंच आहे आणि जोत्यापासून स्लॅबच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची ३.०० मीटर आहे. दोन दारे आहेत, एक दर्शनी भिंतीत व एक मधल्या भिंतीत, दोन्ही १.०० × २.१० मीटरची. बाहेरच्या भिंतींत १.२० × १.२० मीटरच्या तीन खिडक्या आहेत. नकाशा फूट-इंचात असेल तर १० फूट ६ इंच ही लांबी १०.६ अशी भरू नये. सेलमध्ये `=(10+6/12)*0.3048` असे सूत्र लिहावे, म्हणजे मूळ मापही दिसत राहते.

तीन पाने, तीन कामे

एकाच फाइलमध्ये तीन पाने करावीत. पहिल्या पानाला `Data` नाव द्यावे आणि नकाशावरची मापे फक्त तेथेच भरावीत. दुसरे पान `Meas`, म्हणजे मोजमाप पत्रक. तिसरे `Abst`, म्हणजे गोषवारा, ज्यात प्रत्येक बाबीची एकच ओळ, तिचे एकूण परिमाण, एकक, दर आणि रक्कम असते. खोलीची रुंदी उद्या ३.०० ऐवजी ३.३० झाली तर बदल एका सेलमध्ये व्हावा आणि बाकीचे पत्रक आपोआप बदलावे, हा या विभागणीचा हेतू आहे.

`Data` पानावर `B2` मध्ये भिंतीची जाडी 0.23, `B3` मध्ये खोलीची रुंदी 3.00 आणि `B4` मध्ये खोलीची खोली 3.60 भरावी. अंक इंग्रजी कळफलकानेच भरावेत, कारण देवनागरी अंकांना स्प्रेडशीट मजकूर समजू शकते. मग `B5` मध्ये सर्व भिंतींच्या मध्यरेषांची एकूण लांबी आणि `B6` मध्ये सांध्यांची संख्या येते.

```
B5:  =4*(B3+B2)+3*(B4+B2)
B6:  2
```

हे सूत्र असे बनले. आडव्या भिंती दोन आहेत, पुढची आणि मागची. प्रत्येकीची मध्यरेषा दोन खोल्यांच्या रुंदीत दोन जाड्या मिळवून ६.४६ मीटर होते. उभ्या भिंती तीन आहेत आणि प्रत्येकीची मध्यरेषा ३.६० + ०.२३ म्हणजे ३.८३ मीटर आहे. दोन वेळा ६.४६ आणि तीन वेळा ३.८३ मिळून २४.४१ मीटर होतात. मधली भिंत पुढच्या व मागच्या भिंतीला जेथे मिळते तेथे इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा तयार होतो, म्हणून `B6` मध्ये 2 आहेत. चार कोपरे यात मोजायचे नाहीत. कोपऱ्यावर एका भिंतीचे जेवढे माप जास्त धरले जाते तेवढेच बाहेरच्या बाजूला कमी पडते, त्यामुळे तेथे हिशेब आपोआप जुळतो. टी सांध्यावर तो जुळत नाही. मधल्या भिंतीची मध्यरेषा पुढच्या भिंतीच्या मध्यापर्यंत जाते आणि अर्ध्या रुंदीइतका भाग दोनदा मोजला जातो.

मोजमाप पत्रकाची ओळ

`Meas` पानावर `A` स्तंभात बाबीचा क्रमांक, `B` मध्ये तपशील, `C` मध्ये नग, `D` मध्ये लांबी, `E` मध्ये रुंदी, `F` मध्ये उंची किंवा खोली आणि `G` मध्ये परिमाण ठेवावे. `H` स्तंभ तपासणीसाठी रिकामा ठेवावा. सहाव्या ओळीची सूत्रे अशी असतील:

```
G6:  =IF(COUNT(C6:F6)=0,"",ROUND(PRODUCT(C6:F6),2))
H6:  =IF(COUNTA(C6:F6)=COUNT(C6:F6),"","तपासा")
```

येथे `C6*D6*E6*F6` असा साधा गुणाकार का नको? गिलाव्याला रुंदी नसते आणि त्या ओळीत `E` रिकामा राहतो. साध्या गुणाकारात रिकामा सेल शून्य धरला जातो आणि उत्तर शून्य येते. `PRODUCT` मात्र रिकामे सेल सोडून देते, त्यामुळे घनमीटर, चौरस मीटर आणि धावता मीटर या तिन्हींसाठी एकच सूत्र चालते. या सोयीची एक वाईट बाजू आहे. कोणी 1.20 ऐवजी `1.20 m` असे लिहिले तर तो सेल मजकूर होतो आणि `PRODUCT` त्यालाही गुपचूप वगळते. त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त परिमाण चुकते. म्हणून `H` स्तंभातील सूत्र ठेवायचे. भरलेले सेल आणि अंक असलेले सेल यांची संख्या जुळली नाही की तेथे ‘तपासा’ दिसते. एकके सेलमध्ये कधीच लिहू नयेत, ती स्तंभाच्या शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात असावीत.

`ROUND` देखील शोभेसाठी नाही. सेलचे स्वरूप दोन दशांशांवर ठेवले तरी आतला आकडा पूर्ण राहतो. पुढे दगडकामाच्या दोन थरांचे आकडे ५.७१४४ आणि ११.३२११ येतील. नुसते स्वरूप बदलले तर पडद्यावर ५.७१ आणि ११.३२ दिसतील आणि बेरीज मात्र १७.०४ दिसेल. कागदावर बेरीज करून पाहणाऱ्याला ती चूकच वाटते. प्रत्येक ओळ दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित केली की बेरीज १७.०३ येते आणि हाताने तपासली तरी तीच येते.

पाया: लांबी हेही एक सूत्र

पायाचा चर ०.९० मीटर रुंद व १.०० मीटर खोल आहे. त्यात तळाला १:४:८ प्रमाणाचे ०.१५ मीटर जाडीचे काँक्रीट आहे. त्यावर अनगड दगडी बांधकामाचा पहिला थर ०.६० मीटर रुंद व ०.४० मीटर उंच आहे. दुसरा थर ०.४५ मीटर रुंद असून तो जमिनीखाली ०.४५ आणि जमिनीवर ०.६०, असा १.०५ मीटर उंच आहे. या सर्व थरांची मध्यरेषा एकच आहे, पण रुंदी वेगवेगळी असल्याने सांध्यावरची वजावटही वेगवेगळी येते. म्हणून `D` स्तंभात आकडा न भरता हे सूत्र भरावे आणि पायापासून विटकामापर्यंतच्या सर्व ओळींत ते उतरवावे:

```
D6:  =Data!$B$5-Data!$B$6*E6/2
```

डॉलरच्या खुणा विसरल्या तर सूत्र खाली उतरवताना `B5` चे `B6`, मग `B7` होत जाते. दुसऱ्याच ओळीत लांबी भलतीच दिसू लागते, त्यामुळे ही चूक निदान लवकर लक्षात येते. सूत्रांतून येणारे आकडे असे आहेत:

| तपशील | नग | लांबी | रुंदी | उंची | परिमाण (घमी) |
|---|---|---|---|---|---|
| पायाचे खोदकाम | १ | २३.५१ | ०.९० | १.०० | २१.१६ |
| तळाचे काँक्रीट १:४:८ | १ | २३.५१ | ०.९० | ०.१५ | ३.१७ |
| दगडकाम, पहिला थर | १ | २३.८१ | ०.६० | ०.४० | ५.७१ |
| दगडकाम, दुसरा थर | १ | २३.९६ | ०.४५ | १.०५ | ११.३२ |

या पद्धतीची मर्यादा येथेच सांगायला हवी. `E6/2` हे तेव्हाच बरोबर असते जेव्हा मिळणाऱ्या दोन्ही भिंतींची रुंदी त्या पातळीवर सारखी असते. मधली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे ०.११ मीटरची असेल, तर तिच्या लांबीतून वजा व्हायला हवी ती ज्या भिंतीला ती मिळते तिची अर्धी रुंदी, स्वतःची नव्हे. अशा वेळी जाड भिंतींचा एक गट आणि पातळ भिंतींचा दुसरा गट करून दोन स्वतंत्र ओळी घ्याव्यात. पातळ भिंतीची लांबी दोन जाड भिंतींच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणून सरळ लिहिलेली बरी.

चरातील परत भराईसाठी वेगळे मोजमाप लागत नाही. खोदकामातून जमिनीखालचे सगळे बांधकाम वजा करायचे. दुसऱ्या थराचा जमिनीखालचा भाग २३.९६ × ०.४५ × ०.४५ म्हणजे ४.८५ घनमीटर आहे. त्यामुळे २१.१६ मधून ३.१७, ५.७१ आणि ४.८५ वजा जाऊन ७.४३ घनमीटर उरतात. येथे ११.३२ हा पूर्ण आकडा वजा करण्याची चूक फार वेळा पाहायला मिळते. त्यातला मोठा भाग जमिनीच्या वर असतो.

जोत्यातील मुरूम भरावाची मापे खोलीच्या मापांवरून घेऊ नयेत. जोत्याची भिंत ०.४५ मीटर रुंद असल्याने आतली मोकळी जागा ३.२३ − ०.४५ = २.७८ आणि ३.८३ − ०.४५ = ३.३८ मीटर एवढीच राहते. फरशी व तिच्या खालच्या काँक्रीटसाठी ०.१५ मीटर सोडले तर भराव ०.४५ मीटर उंच होतो आणि दोन खोल्यांचा मिळून ८.४६ घनमीटर भरतो. खोलीची ३.०० × ३.६० ही मापे घेतली असती तर तो ९.७२ दिसला असता.

दुसऱ्या वाटेने तपासणी

मध्यरेषेने काढलेली लांबी बरोबर आहे का, हे तीच बेरीज पुन्हा करून कळत नाही. त्यासाठी वाट वेगळी हवी. घराच्या बाहेरच्या मापांचे क्षेत्रफळ घ्यावे, त्यातून खोल्यांचे आतले क्षेत्रफळ वजा करावे. उरते ते भिंतींचे क्षेत्रफळ. विटकामाच्या पातळीवर घर बाहेरून ६.६९ × ४.०६ मीटर आहे, म्हणजे २७.१६१४ चौरस मीटर. दोन खोल्यांचे २१.६० वजा जाऊन ५.५६१४ उरतात. मध्यरेषेने लांबी २४.४१ − ०.२३ = २४.१८ मीटर, आणि २४.१८ × ०.२३ = ५.५६१४. चौथ्या दशांशापर्यंत आकडा जुळतो.

चराच्या पातळीवरही हेच करता येते. बाहेरून ७.३६ × ४.७३ मधून दोन वेळा २.३३ × २.९३ वजा केल्यास २१.१५९ येतात आणि २३.५१ × ०.९० सुद्धा २१.१५९ च होतात. हे दोन आकडे `Data` पानाच्या खाली शेजारी शेजारी ठेवावेत. फरक आला तर त्याला रुंदीने भागल्यावर तो बहुधा अर्ध्या रुंदीच्या पटीत येतो आणि तेवढ्यावरून कळते की एखादा सांधा सुटला आहे किंवा कोपरा सांधा म्हणून मोजला गेला आहे.

विटकाम आणि वजावटी

जोत्यावरील विटकाम २४.१८ × ०.२३ × ३.०० म्हणजे १६.६८ घनमीटर. त्यातून दारे, खिडक्या आणि लिंटेल वजा करायचे. वजावटीसाठी वेगळा स्तंभ करण्याची गरज नाही. नग ऋण लिहिले की पुरते, म्हणजे दारांसाठी `C` मध्ये -2 आणि खिडक्यांसाठी -3. ऋण चिन्ह फक्त नगांच्या स्तंभातच द्यायचे, असा नियम ठेवावा, कारण एकाच ओळीत दोन ठिकाणी ते पडले तर वजावट बेरीज होऊन बसते.

दारांची वजावट ०.९७ आणि खिडक्यांची ०.९९ घनमीटर येते. लिंटेल ०.१५ मीटर जाड असून दोन्ही बाजूंना ०.१५ मीटर भिंतीवर टेकतात. म्हणून दारावरच्या लिंटेलची लांबी १.३० आणि खिडकीवरच्या लिंटेलची १.५० मीटर धरावी. त्यांची वजावट अनुक्रमे ०.०९ आणि ०.१६ होते. एकूण २.२१ वजा जाऊन १४.४७ घनमीटर विटकाम उरते. मात्र भूकंपाच्या दृष्टीने सर्व भिंतींवरून अखंड लिंटेल पट्टा घेतला असेल तर हे तुकडे चालणार नाहीत. तेव्हा २४.१८ × ०.२३ × ०.१५, म्हणजे ०.८३ घनमीटर एकाच ओळीत वजा करून तेवढेच काँक्रीटच्या बाबीत मिळवावे.

विटांची संख्या काढताना पुस्तकातला घनमीटरला ५०० नगांचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. तो सांध्यासह २० × १० × १० सेंटिमीटरच्या विटेचा आहे आणि भट्टीवरची वीट क्वचितच तेवढी असते. दहा विटा ओळीत लावून लांबी मोजावी, दहाने भागावी, रुंदी व जाडीचेही तसेच करावे. समजा वीट २२ × १० × ७ सेंटिमीटर निघाली, तर एक सेंटिमीटर सांधा धरून आणि तुटफुटीसाठी पाच टक्के वाढवून सूत्र असे होते:

```
=ROUNDUP(14.47*1.05/((0.22+0.01)*(0.10+0.01)*(0.07+0.01)),0)
```

उत्तर ७५०७ येते. प्रत्यक्ष पत्रकात 14.47 च्या जागी विटकामाच्या बेरजेचा सेल द्यावा.

गिलावा: वजावटीचा नियम आधी ठरवावा

वाद सर्वात जास्त होतात ते गिलाव्यावर. मोजमापाच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १२०० च्या नियमांनुसार, ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरच्या जागेची वजावट एकाच बाजूची होते आणि चौकटीच्या कडांचा गिलावा वेगळा मोजला जात नाही. ३ चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर दोन्ही बाजू वजा करून कडा मिळवतात. आपली दारे २.१० आणि खिडक्या १.४४ चौरस मीटरच्या आहेत, म्हणजे सगळ्या मधल्या गटात बसतात.

आतला गिलावा दोन खोल्यांचा, प्रत्येकीचा घेर १३.२० मीटर आणि उंची ३.०० मीटर, असा ७९.२० चौरस मीटर. बाहेरचा घेर २१.५० मीटर, उंची स्लॅबच्या कडेसह ३.१२ मीटर, म्हणून ६७.०८. मधल्या भिंतीचे दार दोन्हीकडून आतल्याच गिलाव्यात येते, त्यामुळे तेथे -1 नग पुरे. बाहेरच्या भिंतींत आत व बाहेर गिलावा वेगळ्या प्रकारचा असतो. चौकट भिंतीच्या मधोमध असून दोन्हीकडच्या कडा सारख्या असतील तर निम्मी वजावट प्रत्येक बाजूला जाते. त्यासाठी दर्शनी दाराच्या नगांत `=-0.5*1` आणि खिडक्यांच्या नगांत `=-0.5*3` असे लिहावे. नुसते -1.5 लिहिले तर सहा महिन्यांनी ते कोठून आले हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. त्या दोन ओळी मिळून प्रत्येक बाजूला ३.२१ ची वजावट होते. आतला गिलावा ७३.८९ आणि बाहेरचा ६३.८७ चौरस मीटर राहतो.

गावाकडे पुष्कळ गवंडी ‘दार-खिडकी वजा नाही आणि कडेचे पैसे नाहीत’ या बोलीवर काम घेतात. तसे ठरले असेल तर वजावटीच्या ओळी काढून टाकू नयेत, फक्त त्यांचे नग शून्य करावेत. बोली बदलली की त्याच ओळी पुन्हा कामाला येतात.

स्लॅब आणि सळई

स्लॅब सर्व भिंतींवर बाहेरच्या कडेपर्यंत टेकतो, म्हणून ६.६९ × ४.०६ × ०.१२ असे ३.२६ घनमीटर काँक्रीट. छज्जा असेल तर तो स्वतंत्र ओळीत घ्यावा. सेंटरिंगच्या क्षेत्रफळात खोल्यांवरचे २१.६० चौरस मीटर आणि बाहेरच्या कडा येतात, भिंतींच्या डोक्यावरचा भाग येत नाही.

सळईसाठी काँक्रीटच्या एक टक्का हा ठोकताळा धरला तर घनमीटरला ७८.५ किलो, म्हणजे सुमारे २५६ किलो होतात. अभियंत्याचा सळईचा नकाशा हातात आला की मात्र नग मोजूनच वजन काढावे. समजा १० मिलिमीटरची मुख्य सळई १५ सेंटिमीटर अंतरावर खोलीच्या रुंदीच्या दिशेने दिली आहे आणि कडेला २५ मिलिमीटरचे आच्छादन आहे. मग नग आणि वजन असे निघते:

```
नग:    =ROUNDUP((4.06-0.05)/0.15,0)+1
वजन:   =28*(6.69-0.05)*10^2/162
```

नग २८ आणि वजन ११४.८ किलो येते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे एका मीटरचे किलोमधले वजन असते, फक्त व्यास मिलिमीटरमध्ये हवा. सूत्राच्या शेवटचे `+1` सुटले तर शेवटची सळई मोजलीच जात नाही. ८ मिलिमीटरची आडवी सळई २० सेंटिमीटरवर धरली तर ३५ नगांचे ५५.४ किलो होतात. ही बेरीज १७० किलोच्या आसपास, म्हणजे ठोकताळ्यापेक्षा बरीच कमी दिसते, पण त्यात मधल्या भिंतीवरची वरच्या बाजूची सळई, वाकवलेल्या भागाची जास्त लांबी आणि जोडावरची लांबी अजून धरलेली नाही.

गोषवारा आणि एकके

`Abst` पानावर बाबीचा क्रमांक `A` मध्ये लिहून परिमाण असे ओढून आणावे:

```
=SUMIF(Meas!$A:$A,A4,Meas!$G:$G)
```

यासाठी `Meas` पानावर वजावटीसह प्रत्येक ओळीत क्रमांक हवाच, फक्त पहिल्या ओळीत लिहून चालत नाही. क्रमांक 1, 2, 3 असे पूर्णांकात ठेवावेत. 1.1 आणि 1.10 असे उपक्रमांक दिले तर स्प्रेडशीट दोन्हींना एकच संख्या समजते आणि दोन बाबींची परिमाणे एकमेकांत मिसळतात. या सूत्राचा फायदा असा की मोजमापात मध्येच ओळ घातली तरी बेरजेचा पट्टा बदलावा लागत नाही.

दर लावण्यापूर्वी एकक पाहावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत घनमीटर व चौरस मीटर असतात, पण वाळू, खडी आणि मुरूम बाजारात ब्रासने मिळतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. गवंडी गिलाव्याचा ब्रास म्हणतो तेव्हा मात्र तो १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर सांगत असतो. आपला ८.४६ घनमीटर मुरूम भागाकाराने तीन ब्रास दिसतो, परंतु हे माप कुटून बसलेल्या भरावाचे आहे आणि गाडीत येतो तो सुटा मुरूम. घटीसाठी वीस टक्के धरले तर `=8.46*1.2/2.83` प्रमाणे साडेतीन ब्रासहून थोडा अधिक मागवावा लागतो.